परांची उतरायच्या आधी आणि शेवटचा चेक दिल्यानंतर: सोसायटीच्या दुरुस्तीचे काम नीट बंद कसे करावे

सोसायटीच्या मोठ्या दुरुस्तीत एक दिवस ठेकेदाराचा सुपरवायझर येऊन सांगतो, "साहेब, रंग झाला. उद्यापासून परांची उतरवतो." सगळ्यांना हायसे वाटते. सहा-आठ महिने खिडकीबाहेर बांबू, हिरवी जाळी, धूळ आणि ठोकाठोक. कमिटी लगेच हो म्हणते. मी बावीस वर्षे इमारत-दुरुस्तीचा सल्लागार म्हणून काम करतो आहे, आणि सर्वांत जास्त नुकसान याच एका "हो"मुळे झालेले पाहिले आहे.

कारण साधे आहे. चौथ्या मजल्यावरच्या छज्जाखालचा गिलावा हाताने ठोकून बघायचा तर माणसाला तिथे पोचावे लागते. परांची असताना ते दहा मिनिटांचे काम आहे. ती उतरली की त्यासाठी दोराचा झुला लावावा लागतो, आणि त्याचा खर्च कोणी करायचा यावर पहिले भांडण होते. म्हणून काम बंद करण्याची पहिली पायरी फाइलपासून किंवा शेवटच्या बिलापासून सुरू होत नाही. ती परांचीवर, हातात छोटी हातोडी घेऊन सुरू होते.

समजायला सोपे जावे म्हणून एकच काम डोळ्यांसमोर ठेवू. ठाण्यातली तीन विंगांची, चार मजली, ४८ सदनिकांची सोसायटी. इमारत तिशी ओलांडलेली, त्यामुळे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करून घेण्याचा नियम तिला लागू. ऑडिटमध्ये कॉलमचे गंजलेले लोखंड, बाहेरचा सुटलेला गिलावा आणि गळकी गच्ची निघाली. निविदा मागवून ६० लाखांचा करार झाला, जीएसटी वेगळा. करारात प्रत्येक बिलातून पाच टक्के रक्कम राखून ठेवायची अट होती. तिला सगळे रिटेन्शन म्हणतात. या रकमेपैकी अर्धी काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यानंतर आणि उरलेली अर्धी बारा महिन्यांचा दोषदायित्व काळ, म्हणजे कामात निघालेले दोष ठेकेदाराने आपल्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा काळ, संपल्यावर द्यायची होती. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला दहा वर्षांची हमी होती. आकडे मी हिशेबाला सोपे केले आहेत, बाकी सारे जसे घडले तसे.

ताबा घेणे म्हणजे चावी घेणे नव्हे

या सोसायटीत आम्ही परांची उतरवण्याआधी विंगवार पाहणी ठेवली. ठेकेदाराचा इंजिनिअर, सोसायटीचे सेक्रेटरी आणि मी, असे तिघे एकत्र. हातोडीने गिलावा हलकेच ठोकत जायचे. चांगला गिलावा टणक वाजतो, सुटलेला पोकळ. मडके घेताना आपण जसे वाजवून बघतो तसेच. ए विंगच्या चौथ्या मजल्यावर नऊ ठिकाणी पोकळ आवाज आला. त्यावर तांबड्या खडूने गोल काढला, फोटो घेतला, आणि वहीत लिहिले: विंग, मजला, कुठल्या खिडकीच्या कुठल्या बाजूला. "ए विंगमध्ये काही ठिकाणी गिलावा खराब" असे लिहिले असते तर त्याचा काही उपयोग नव्हता. त्रुटीच्या यादीतली प्रत्येक नोंद अशी हवी की अनोळखी माणूसही ती वाचून नेमक्या जागी जाऊन उभा राहील.

गच्चीची परीक्षा वेगळी. पन्हळींची तोंडे बंद करायची, सुमारे चार इंच पाणी भरायचे आणि करारात लिहिले असेल तितके तास ते उभे ठेवायचे. आमच्या करारात ७२ तास होते. पाणी भरताना आणि संपताना पातळी मोजून लिहायची, आणि खालच्या मजल्यावरच्या प्रत्येक घराच्या छताचा आधीचा व नंतरचा फोटो घ्यायचा. पातळी थोडी उतरते, ते बाष्पीभवन असते. पण खालच्या छतावर ओल दिसली, किंवा पाण्याच्या टाकीच्या खांबांभोवती कडेने पाणी झिरपताना दिसले, तर वॉटरप्रूफिंग पास नाही. बहुतेक गळती सपाट भागात निघत नाही. कठड्याचा आणि स्लॅबचा सांधा, पाइप आरपार जातो ती जागा, टाकीचे पाय, इथेच निघते.

एक गोष्ट हटकून विसरली जाते. परांचीवरून पडलेला गिलावा पावसाच्या पाण्याच्या पाइपात जाऊन बसतो. वरून सगळे स्वच्छ दिसते आणि जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत गच्चीचे तळे होते. म्हणून ताबा घेताना प्रत्येक पाइपात वरून बादलीभर पाणी ओतून खाली चेंबरपाशी एक माणूस उभा करावा. पाणी किती वेगाने येते ते त्याने सांगावे. या सोसायटीत सी विंगचे दोन पाइप तुंबलेले निघाले.

बाकीचा ताबा कागदाचा आहे. ठेकेदाराकडून नवीन ड्रेनेज पाइपांचा प्रत्यक्ष टाकला तसा नकाशा घ्यायचा. निविदेतला नकाशा चालत नाही, कारण जागेवर पाइप नेहमी थोडे सरकतात. रंगाची कंपनी, शेडचा क्रमांक आणि डब्यांची बिले घ्यायची. पॉलिमर, मायक्रोकाँक्रीट आणि वॉटरप्रूफिंगच्या रसायनांची बिले घ्यायची. ही बिले घेतली तर दोन कामे होतात. एक, करारातलेच सामान वापरले का ते कळते. दुसरे, रंगाच्या कंपनीची वॉरंटी आणि ठेकेदाराची हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनी वॉरंटी देते ती आपल्या मालाची, आणि मागायला गेलात तर पहिल्यांदा विचारते की माल आमचाच होता याचा पुरावा काय. ठेकेदार हमी देतो ती कारागिरीची. दोन्ही कागद हवेत, आणि एकावर विसंबून दुसरा सोडू नये.

ठेकेदाराची हमी पत्रावर न घेता मुद्रांकावर घ्यावी. महाराष्ट्रात अशा करारनाम्याला आता ५०० रुपयांचा मुद्रांक वापरतात. तिच्यात कालावधी कधीपासून सुरू, कुठले क्षेत्र हमीत आहे, तक्रार आल्यावर किती दिवसांत यायचे, आणि न आल्यास सोसायटी दुसऱ्याकडून काम करून खर्च वसूल करू शकेल, हे चार मुद्दे असलेच पाहिजेत. "दहा वर्षांची हमी देत आहोत" एवढी एकच ओळ असलेली हमीपत्रे मी ढिगाने पाहिली आहेत. त्यांच्या जोरावर कुणी एकदाही गच्चीवर चढलेले पाहिले नाही.

शेवटचे बिल: भांडण मापावरून होते, पैशावरून नाही

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की शेवटच्या बिलात घासाघीस असते. खरे तर दर करारातच ठरलेले असतात. वाद असतो तो परिमाणाचा, म्हणजे किती चौरस फूट, किती रनिंग फूट.

आमच्या कामात कॉलम-बीमवरच्या पॉलिमर मॉर्टरचा अंदाज २,५०० चौरस फूट होता, दर १८० रुपये. म्हणजे ४ लाख ५० हजार. जुना गिलावा फोडल्यावर आत लोखंड अंदाजापेक्षा कितीतरी जास्त गंजलेले निघाले. हे जवळजवळ प्रत्येक जुन्या इमारतीत होते. ऑडिटवाला गिलाव्याच्या आत बघू शकत नाही. ठेकेदाराने शेवटच्या बिलात एकूण ४,६०० चौरस फूट लावले. आमच्या नोंदीत ४,१०० येत होते. पाचशे चौरस फुटांचा फरक, म्हणजे ९० हजार रुपये.

आता अडचण बघा. पॉलिमर मॉर्टरवर गिलावा आला, गिलाव्यावर रंग आला. झाकले गेलेले काम परत मोजता येत नाही. इथे कामी आली ती एक सवय. प्रत्येक कॉलम झाकण्याआधी त्यावर खडूने क्रमांक आणि तारीख लिहायची, टेप लावून फोटो घ्यायचा, आणि त्याच दिवशी मोजमाप वहीत दोघांच्या सह्या घ्यायच्या. आम्ही ठेकेदाराच्या इंजिनिअरला समोर बसवून कॉलमवार यादी पडताळली. तासाभरात फरक सापडला. ए आणि बी विंगच्या मधल्या डक्टला लागून असलेले कॉलम दोनदा आले होते. तिसऱ्या रनिंग बिलात, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दिलेल्या बिलांपैकी तिसऱ्यात, ते ए विंगच्या बाजूने मोजले गेले होते, आणि शेवटच्या बिलात बी विंगच्या बाजूने परत, त्याच तोंडांसकट. कॉलम सी-७चा फोटो दोन्हीकडे तोच होता. लबाडी नव्हती. मधल्या काळात त्यांचा इंजिनिअर बदलला होता. ठेकेदाराने मुकाट्याने दुरुस्ती मान्य केली, कारण वाद माणसाशी नव्हता, कागदाशी होता.

मोजमापाचे नियम करारात लिहिलेले असावेत. गिलावा मोजताना खिडकीची जागा वजा करायची का, हा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर आयएस १२०० या भारतीय मानकात आहे. अर्धा चौरस मीटरपेक्षा लहान उघाड्याची वजावट होत नाही, त्याहून मोठ्यांसाठी वेगळे नियम आहेत. करारात "मोजमाप आयएस १२०० प्रमाणे" एवढे लिहिले की संडासाच्या छोट्या खिडक्यांवरून सभा गाजत नाही.

मग पूर्ण कामाचा हिशेब असा बसला. पॉलिमर मॉर्टरमध्ये २ लाख ८८ हजार वाढले. काही पाइप बदलावे लागले नाहीत, त्यामुळे ८८ हजार वाचले. म्हणजे ६० लाखांचे काम ६२ लाखांवर गेले. ही दोन लाखांची वाढ कमिटीने आपल्या अधिकारात मान्य करून टाकू नये. सर्वसाधारण सभेने मंजूर केलेल्या रकमेत आकस्मिक खर्चाची तरतूद असेल तर तिचा ठराव दाखवावा, नसेल तर सभेपुढे जावे. वाढ-बचतीचा एक पानी तक्ता करून सभासदांना दिला की दहा प्रश्नांपैकी आठ उठतच नाहीत.

आधीच्या पाच रनिंग बिलांत ५४ लाखांचे काम भरले गेले होते. राहिले ८ लाख. शेवटच्या बिलाचा हिशेब असा:

शेवटच्या बिलातले काम: ८,००,०००
अधिक जीएसटी १८ टक्के: १,४४,०००
बेरीज: ९,४४,०००
वजा रिटेन्शन ५ टक्के: ४०,०००
वजा टीडीएस २ टक्के: १६,०००
वजा सोसायटीची वसुली: २४,०००
ठेकेदाराला देय: ८,६४,०००

यातल्या प्रत्येक ओळीला कारण आहे. टीडीएस कापताना जीएसटी बिलात वेगळा दाखवलेला असेल तर तो जीएसटीसोडून उरलेल्या रकमेवर कापतात, म्हणून ८ लाखांवर १६ हजार. ठेकेदार भागीदारी फर्म होता म्हणून दर दोन टक्के; एकट्या व्यक्तीचा किंवा हिंदू एकत्र कुटुंबाचा व्यवसाय असता तर एक टक्का. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारकडे भरायची, मार्चमध्ये कापलेली असेल तर ३० एप्रिलपर्यंत. उशीर झाला तर कापल्याच्या तारखेपासून दरमहा दीड टक्का व्याज लागते, आणि ते सोसायटीच्या खिशातून जाते. छोट्या सोसायट्यांत खजिनदार बदलला की नेमके हेच राहते.

वसुलीचे २४ हजार म्हणजे फुटलेल्या खिडकीच्या काचा, तुटलेला एसीचा पाइप आणि काम चालू असताना वापरलेली सोसायटीची वीज. वीज वसूल करता आली ती सुरुवातीलाच वेगळा मीटर बसवला होता म्हणून. काचांचे पैसे सभासदांनी तेव्हाच्या तेव्हा लेखी तक्रार केली होती म्हणून. काम संपल्यावर कुणी आठवून सांगितलेले नुकसान ठेकेदार मान्य करत नाही, आणि त्याचे चूक म्हणता येत नाही.

रिटेन्शनचे आता एकूण ३ लाख १० हजार झाले: आधीचे २ लाख ७० हजार आणि हे ४० हजार. काम पूर्ण झाल्याचा दाखला झाल्यावर त्यातले अर्धे, १ लाख ५५ हजार, सोडायचे. उरलेले तेवढेच वर्षभर ठेवायचे. इथे एक चूक वारंवार होते. रिटेन्शन सोडताना खजिनदार पुन्हा दोन टक्के टीडीएस कापतो. प्रत्येक बिलाच्या पूर्ण रकमेवर टीडीएस आधीच कापून भरलेला असतो, त्यामुळे ही दुसरी कपात चुकीची असते. ठेकेदार मग महिनोन्महिने त्या तीन-साडेतीन हजारांसाठी फोन करत राहतो आणि संबंध उगाच बिघडतात.

आणखी एक. शेवटच्या बिलाबरोबर ठेकेदाराकडून मजुरांची मजुरी पूर्ण दिल्याचे पत्र आणि भविष्यनिर्वाह निधीच्या चलनांच्या प्रती मागाव्यात. गावी गेलेला मजूर दोन महिन्यांनी गेटवर येऊन "माझे पंधरा दिवसांचे राहिले" म्हणतो तेव्हा सोसायटीच्या हातात काहीतरी हवे.

करार बंद होतो तो सहीने

पैसे दिले म्हणजे करार संपला, असा समज सार्वत्रिक आहे. करार बंद करायला तीन कागद लागतात, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा.

पहिला, काम पूर्ण झाल्याचा दाखला. तो सल्लागार देतो. त्यात काम प्रत्यक्ष कधी पूर्ण झाले ती तारीख असते, आणि दोषदायित्वाचे बारा महिने तिथून मोजले जातात. म्हणून त्रुटींची यादी पुरी झाल्याशिवाय ही तारीख टाकू नये. आमच्या कामात रंग ५ मेला संपला होता. नऊ ठिकाणचा गिलावा, दोन पाइप आणि गच्चीची पाण्याची परीक्षा धरून दाखल्यावर तारीख पडली २० मे.

दुसरा कागद उशिराबद्दलचा निर्णय. काम करारातल्या मुदतीपेक्षा सात आठवडे लांबले होते. करारात दर आठवड्याला दंडाची तरतूद होती. मी ठेकेदाराच्या रोजच्या नोंदवहीतून हिशेब काढला. वाढलेल्या पॉलिमर कामाला साडेतीन आठवडे, सोसायटीने गच्चीतल्या केबल वेळेत न काढल्यामुळे एक आठवडा. उरलेले अडीच आठवडे ठेकेदाराचे. या अडीच आठवड्यांचा दंड घ्यायचा की सोडायचा हे कमिटीने ठरवायचे. या कमिटीने सोडला, आणि तसा ठराव लिहिला. घेतला असता तरी चालले असते. जे चालत नाही ते म्हणजे काहीच न लिहिणे. दोन वर्षांनी रिटेन्शनवरून वाद झाला की दोन्ही बाजू हा न मिटलेला उशीर बाहेर काढतात.

तिसरा कागद म्हणजे पूर्ण आणि अंतिम समझोत्याचे पत्र. यात ठेकेदार लिहून देतो की या करारापोटी ठरलेली शेवटच्या बिलाची रक्कम मिळाल्यावर, राखून ठेवलेले १ लाख ५५ हजार सोडून, त्याचे काही येणे राहत नाही. सोसायटीही लिहून देते की दोषदायित्व आणि हमी वगळता तिची कुठलीही वसुली बाकी नाही. दोन्ही बाजूंनी अपवाद स्पष्ट लिहायचे. फक्त ठेकेदाराकडून "काही येणे नाही" लिहून घेणारी पत्रे एकतर्फी असतात आणि वादात लवकर तुटतात.

काही कमिट्या असे पत्र आधी सही करून घेतात आणि मगच हिशेब दाखवतात. हा मार्ग मला पटत नाही, आणि तो टिकतही नाही. २००८ साली नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध बोघारा पॉलिफॅब या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की समझोत्याचे पत्र फसवून किंवा दबावाखाली घेतलेले असेल तर त्याने वाद संपत नाही; लवादाकडे जाण्याचा मार्ग उघडा राहतो. म्हणून आधी हिशेब दोघांनी मान्य करावा, बिलाच्या प्रत्येक पानावर सह्या व्हाव्यात, मग पत्र, आणि पत्राच्या दिवशीच चेक.

ठेकेदाराने रिटेन्शनऐवजी बँक गॅरंटी दिली असेल तर तिच्या मुदतीकडे वेगळे लक्ष हवे. गॅरंटीची मुदत संपण्याआधी बँकेकडे लेखी मागणी पोचली नाही तर तो कागद निकामी होतो. दोषदायित्व २० मेला संपते आणि गॅरंटी ३१ मार्चला, असे मी दोनदा पाहिले आहे. दोन्ही वेळा ते कुणाच्या लक्षात आले नव्हते.

सल्लागाराचा करारही याच वेळी बंद करायचा असतो, पण पूर्ण नाही. त्याच्या फीचा छोटा हिस्सा वर्षअखेरच्या पाहणीसाठी राखून ठेवावा. स्वतः सल्लागार असून सांगतो, पूर्ण फी घेतलेला सल्लागार अकराव्या महिन्यात फोन उचलायला वेळ लावतो.

वर्षभराचा धागा

१ लाख ५५ हजार हातात ठेवण्याचा उपयोग कधी होतो ते सांगतो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बी विंगच्या ३०२मध्ये पश्चिमेच्या बेडरूमला खिडकीखाली ओल आली. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिण भिंती खऱ्या कसोटीला लागतात. बाहेरून दुर्बिणीने पाहिले तर खिडकीच्या खाली रंगाचा एक वाटोळा ठिपका थोडा वेगळा दिसत होता. परांची भिंतीला टेकवण्यासाठी पाडलेले भोक नीट न भरता वरून रंगवले होते.

सेक्रेटरींनी फोन केला, ठेकेदार "बघतो" म्हणाला. मग आम्ही लेखी नोटीस दिली. जागा, फोटो, करारातले कलम, पंधरा दिवसांची मुदत, आणि मुदतीत काम झाले नाही तर दुसऱ्याकडून करून खर्च रिटेन्शनमधून वळता करू, एवढेच तिच्यात होते. बाराव्या दिवशी झुला लागला. नोटीस दिली नसती तर सोसायटीला दुसऱ्याकडून केलेल्या कामाचे पैसे कापता आले नसते. संधी न देता केलेली कपात ठेकेदार आव्हान देऊ शकतो.

दुसरी पाहणी एप्रिलमध्ये ठेवली, काळ संपायच्या महिनाभर आधी. पावसात उमटलेले ओलीचे डाग तोवर वाळून रेघा सोडतात, त्या बघता येतात. कुठले घर तपासायचे ते कळावे म्हणून सूचनाफलकावर आधी विचारणा केली. चार तक्रारी आल्या, त्यातल्या दोन घरातल्याच बाथरूमच्या गळतीच्या निघाल्या, म्हणजे कराराबाहेरच्या. दोन दुरुस्त झाल्या. मग उरलेले रिटेन्शन गेले.

कपाटातली फाइल

आता दस्तऐवजांकडे. सहकारी सोसायटीच्या कमिटीची मुदत पाच वर्षांची असते. गच्चीची हमी दहा वर्षांची. म्हणजे ज्या कमिटीने हमी घेतली ती निम्म्या वाटेवरच उतरते. माझ्याकडे एक सोसायटी आली होती, चौथ्या पावसाळ्यात गच्ची गळू लागली म्हणून. ठेकेदार यायला तयार होता, पण हमीपत्र दाखवा म्हणाला. ते आधीच्या सेक्रेटरींकडे होते. ते सदनिका विकून मुलाकडे परदेशी गेले होते. सगळा पत्रव्यवहार त्यांच्या खासगी ईमेलवर, फोटो त्यांच्या जुन्या फोनमध्ये. सोसायटीने पुन्हा सात लाख खर्च केले.

म्हणून दोन नियम पाळा. कामाचा पत्रव्यवहार सोसायटीच्या नावाच्या ईमेलवरच करा, ज्याचा पासवर्ड सेक्रेटरी आणि खजिनदार दोघांकडे असेल. आणि मूळ कागद सोसायटीच्या कार्यालयातल्या कपाटात एकाच बॉक्स फाइलमध्ये ठेवा, पहिल्या पानावर अनुक्रमणिका लावून. आमच्या सोसायटीत ती अशी होती: सभेचे ठराव, निविदा आणि करार, मोजमाप वही, सर्व बिले व चलने, पूर्णत्वाचा दाखला आणि समझोत्याचे पत्र, हमीपत्र व सामानाची बिले, पाइपांचा नकाशा, फोटो. सारे स्कॅन करून एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक सोसायटीच्या ऑनलाइन खात्यावर. स्कॅनची नावे तारखेने सुरू करावीत, म्हणजे ती आपोआप क्रमाने लागतात.

किती वर्षे ठेवायचे? मुदतीच्या १९६३च्या कायद्यानुसार पैशाच्या बहुतेक दाव्यांना तीन वर्षांची मुदत असते. म्हणून साधा हिशेब असा: सर्वांत लांब हमी संपल्यानंतर आणखी तीन वर्षे. या कामात म्हणजे तेरा वर्षे. पण तीन गोष्टी कधीच रद्दीत देऊ नका: मोजमाप वही, झाकलेल्या कॉलमचे फोटो आणि पाइपांचा नकाशा. पुढचे स्ट्रक्चरल ऑडिट करणारा इंजिनिअर पहिला प्रश्न विचारतो, "मागच्या वेळी कुठले कॉलम उघडले होते?" उत्तर कागदावर असेल तर तो नेमकी तीच जागा तपासतो. नसेल तर सगळी इमारत नव्याने ठोकत बसतो, आणि त्या ठोकण्याची फी लावतो.

फाइलच्या मुखपृष्ठाच्या आत आम्ही तीन तारखा मोठ्या अक्षरात चिकटवल्या: दोषदायित्व कधी संपले, गच्चीची हमी कधी संपते, पुढचे ऑडिट कधी. कमिटी बदलताना कार्यभाराच्या यादीत या फाइलची स्वतंत्र ओळ घातली, घेणाऱ्याने पाने मोजून सही करायची असे लिहून. मागच्या निवडणुकीनंतर नवे सेक्रेटरी आले. त्यांनी पाने मोजली तेव्हा एक कमी भरले; पाइपांच्या नकाशाचा दुसरा भाग प्लंबर घेऊन गेला होता. तो दुसऱ्याच दिवशी परत आणून लावला, आणि मगच त्यांनी सही केली.